भाऊ झोपलाय, तरी बोलायचं भावाशीच

स्पर्धेसाठी एकपात्री लिहून झालं, की आपण लगेच पाठांतराला लागतो. त्याआधी एक दिवस नुसत्या तपासणीला ठेवावा. ती कशी करायची, ते एका गटाने लिहिलेल्या संहितेवरूनच सांगते.

एक लग्न झालेली बाई माहेरी आली आहे. उद्या सकाळी भावासोबत दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन तिला वडिलांच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही करायची आहे. रात्री स्वयंपाकघरात ती एकटीच बोलते आहे. विषय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. पण पहिल्या वाचनाला बायका सुरुवातीला हळहळल्या आणि थोड्याच वेळात इकडेतिकडे बघायला लागल्या. असं झालं, की करणारीच्या आवाजाला दोष देण्याआधी कागद बघावा.

पहिलं बघायचं, ती आत्ताच का बोलते, कोणाशी बोलते आणि तिला हवंय काय? संहितेत ती ‘स्त्रीच्या वाट्याला अन्यायच’ असं बोलत होती. ते भाषण झालं. सुषमा देशपांडे यांच्या ‘व्हय, मी सावित्रीबाई’मध्ये सावित्रीबाई थेट प्रेक्षकांशी बोलतात, कारण त्या आपली हकिगत सांगायलाच उभ्या आहेत. आपली बाई तशी नाही. लिहिणारीला विचारलं, “हिला जमीन हवी आहे का?” ती जरा थांबून म्हणाली, “जमिनीचं नंतर. भावानं एकदा विचारायला तरी हवं होतं.” हे वाक्य संहितेत कुठेच नव्हतं, आणि सगळं नाटक त्यातच होतं. मग भाऊ शेजारच्या खोलीत झोपलाय असं ठरवलं, दार अर्धवट उघडं ठेवलं. आता ती जे बोलेल ते त्याला ऐकू जावं असंही तिला वाटतं, आणि जाऊ नये असंही. बोलायला निमित्त मिळालं ते कागदाचं. सही कुठे करायची तिथे भावाने पेन्सिलने फुली मारून ठेवली आहे.

दुसरं, भावना चढते कशी? प्रत्येक परिच्छेदासमोर पेन्सिलीने एक ते दहामधला आकडा लिहा. एक म्हणजे साधं बोलणं, दहा म्हणजे फुटून रडणं. या संहितेत आकडे आले आठ, नऊ, नऊ, आठ, नऊ. पहिल्याच ओळीला रडू, मग पुढे जायचं कुठे? बदलून सुरुवात कणीक मळण्यापासून केली. उद्याच्या डब्याची तयारी, भावाच्या लहानपणच्या खोड्या आठवून हसणं. आकडा दोन. मग फुली दिसते, पाच. ती कागद दिव्याजवळ धरते, तेवढ्यात आतून भाऊ खोकतो आणि ती एकदम गप्प होते. त्यानंतरचा राग आठवर जातो, पण आवाज दबलेलाच. लक्षात घ्या, प्रत्येक बदलाला काहीतरी दिसलं किंवा ऐकू आलं आहे. कारण नसताना हसणारी बाई रडायला लागली, तर ते खोटं वाटतं.

तिसरं, तोंडात न बसणारी वाक्यं. ती डोळ्यांनी सापडत नाहीत, मोठ्याने म्हणावीच लागतात. जिथे जीभ अडखळते, श्वास मधेच संपतो किंवा आपल्यालाच हसू येतं, तिथे खूण करा. एक वाक्य होतं, “दादा, तू माझा सख्खा मोठा भाऊ, आपले वडील तीन वर्षांपूर्वी वारले.” भावाला हे माहीत नाही का? ते झालं, “आबा गेल्यापासून तू हिशोबाची वही मला दाखवली नाहीस.” नातं कळलं, वडील गेलेत तेही कळलं. दुसरं वाक्य कायद्याचं. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच हक्क मिळाला, ही माहिती खरी आहे. पण कणकेचे हात घेऊन कोणी कलम सांगत नाही. त्याऐवजी ती म्हणते, “माझी सही लागते, म्हणजे माझं काहीतरी आहे ना रे तिथं?” ‘अश्रूंचा महापूर’ तर सरळ काढला. बाई शिक्षिका असती किंवा कीर्तनकार असती, तर असे शब्द तिला शोभलेही असते.

पेन्सिलीची फुली मागच्या रांगेला दिसणार नाही, हेही तपासणीतच कळलं. म्हणून ती बोलून दाखवते, “फुली मारून ठेवलीय. मी चुकू नये म्हणून.”

शेवटावर गटात बराच वाद झाला. मूळ संहितेत ती प्रेक्षकांकडे वळून ‘अशा कित्येक बहिणी’ म्हणत होती. ते काढलं. सही करणार की नाही, तेही उघडं ठेवलं. आता ती कागदाची घडी घालते, दाराशी जाते आणि हळूच विचारते, “दादा, झोपलास का?” त्यानंतर करणारीने मनात चार आकडे मोजायचे, दाराकडे बघत. मग दिवे मंद करायचे.