पित्ताम्ले, आतड्यातील जिवाणू आणि कोलेस्टेरॉल

यकृत कोलेस्टेरॉलपासून रोज सुमारे अर्धा ग्रॅम नवी पित्ताम्ले बनवते आणि त्यांना ग्लायसिन किंवा टॉरिन जोडून आतड्यात सोडते. स्निग्ध पदार्थ पचवण्याचे काम झाले की त्यांतली सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून परत यकृतात जातात.

काही लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचे एक विकर ही जोडणी तोडते. सुटे झालेले पित्ताम्ल नीट शोषले जात नाही, शौचावाटे निघून जाते. ती तूट भरण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते, अशी ही मांडणी.

२०१२ च्या एका चाचणीत १२७ जणांपैकी काहींना नऊ आठवडे लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीच्या एका विशिष्ट वाणाच्या कॅप्सूल दिल्या. नुसत्या दिखाऊ कॅप्सूल घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचे एलडीएल सुमारे साडेअकरा टक्क्यांनी उतरले. ट्रायग्लिसराइड मात्र जागच्या जागी राहिले. स्टॅटिनने एलडीएल बहुधा ३० ते ५० टक्के उतरते, त्यापुढे हे थोडकेच. शिवाय हा गुण त्या वाणाचा. विरजणातल्या जिवाणूंत तो असेलच असे नाही, म्हणून घरच्या दह्याला हे आकडे लावता येत नाहीत.