एका तोंडाचे ड्रम तिघांत वाटताना

तबलजी ‘धा’ वाजवतो तेव्हा त्याचे दोन्ही हात एकाच क्षणी पडतात, डग्ग्यावर ‘गे’ आणि तबल्यावर ‘ना’. तोंडाने ड्रम वाजवणाऱ्या बीटबॉक्सरला हे सुख नाही. बेस ड्रमचा ठोका ओठांतून फुटत असताना त्याच क्षणी हाय-हॅटच्या झांजेचा ‘त्स’ जिभेवरून निघणं फार अवघड. 1980च्या दशकात न्यू यॉर्कच्या हिप-हॉपमध्ये ही कला फोफावली, तेव्हापासून बीटबॉक्सर ही उणीव वेगाने झाकत आले आहेत. ध्वनी इतक्या झपाट्याने एकामागून एक येतात की मधल्या जागा ऐकणाऱ्याचा कानच भरून काढतो. वाद्यांशिवाय गाणाऱ्या अकापेला गटाला मात्र आणखी एक वाट मोकळी असते: बेस ड्रम, स्नेअर आणि हाय-हॅट तिघांना वाटून द्यायचे.

ही वाट सगळ्यांना परवडत नाही. पेंटाटॉनिक्समध्ये माणसंच पाच, त्यामुळे तालाचा भार मुख्यतः एकट्या केविन ओलुसोलावर असतो. तिघांना तालावर बसवलं तर गायला दोघंच उरतील. गटात दहा-बारा गायक असले, की मग ही वाटणी खरी कामाची.

एक साधी रचना घेऊ. लय मिनिटाला 100 मात्रांची, आवर्तन चार मात्रांचं, प्रत्येक मात्रेचे दोन भाग, म्हणजे आठ घरं. एक घर 0.3 सेकंदाचं. बेस ड्रम पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या घरात. स्नेअर तिसऱ्या आणि सातव्या घरात. हाय-हॅट आठही घरांत, आणि शेवटच्या घरात झांज उघडी, लांब ‘त्स्स’. पुढच्या समेवरचा आखूड ‘त्स’ तिला बंद करतो. पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या आणि सातव्या घरात दोन ध्वनी एकत्र पडतात. एकट्याच्या तोंडात जे निसटतं ते नेमकं हेच.

आता श्वास. बेस ड्रमवाल्याला फारशी चिंता नाही. तो ओठ मिटून तोंडातलीच हवा दाबतो आणि घशातून आवाज न काढता ‘ब’ फोडतो. स्नेअरवाल्याने ‘प्फ’ऐवजी हवा आत ओढत ‘क’ वाजवला, तर ठोका आणि श्वास एकाच वेळी होतात. खरा दमतो हाय-हॅटवाला. त्याला उसंत कुठे द्यायची हे संयोजकाने लिहूनच द्यावं, गायकावर सोडू नये. मी ती तिसऱ्या घरात देतो. स्नेअरचा फुत्कार तिथे इतका दाट असतो की खालचा ‘त्स’ गाळला तरी कुणाला कळत नाही. दुसऱ्या घरापासून चौथ्यापर्यंत त्याला 0.6 सेकंद मिळतात, छोट्या श्वासाला तेवढे पुरतात. हीच सुट्टी समेवर दिली तर उघडी झांज बंद करायला कुणी उरत नाही आणि तिचा फुत्कार बेस ड्रमवर लोंबकळत राहतो.

या कामाला मराठी जीभ तयारच असते. ‘चिमणी’तला नव्हे, ‘चोर’मधला च स्वराशिवाय, कुजबुजत म्हटला की बंद हाय-हॅट मिळतो.

वाटणीतला मोठा धोका म्हणजे ठोके फाटणं. ते ओळखायला तालमीत खोलीच्या मध्यभागी फोन ठेवून ध्वनिमुद्रण करावं. सातव्या घरात एका ठोक्याऐवजी ‘ट्टक’ असा दुहेरी आवाज आला, तर कुणीतरी पुढे-मागे आहे. बहुतेक वेळा कारण आतल्या ‘क’मध्ये असतं. हवा ओढायला सुरुवात आधी होते, ध्वनी नंतर फुटतो, आणि गायक ओढण्याची सुरुवात मात्रेवर ठेवतो. त्याने ओढणं किंचित आधी सुरू करावं, म्हणजे फुटणं मात्रेवर येईल. लय धरायचं काम एकट्या हाय-हॅटवाल्याचं. बाकी दोघांनी त्याच्या दोन बाजूंना, खांद्याला खांदा लावून उभं राहावं आणि त्याचंच ऐकावं.

तिघं आहेत म्हणून गाणंभर तिघांना वाजवत ठेवण्याचा मोह होतो. तो टाळावा. हाय-हॅट आणि गाण्याच्या शब्दांतले स, श हे एकाच उंच पट्टीतले फुत्कार, म्हणून हळव्या ओळींवर ‘त्स’ सलग चालू राहिला तर शब्दच अस्पष्ट होतात. पहिल्या कडव्यात तो फक्त विषम घरांत ठेवावा, आणि आठही घरं ध्रुवपदापासून द्यावीत.

माइक नसेल तर आणखी एक बदल लागतो. मोठ्या सभागृहात स्नेअर आणि हाय-हॅट मागच्या रांगेपर्यंत पोचतात, ओठांचा ‘ब’ मात्र पहिल्या दोन-तीन रांगांतच विरतो. अशा वेळी खर्ज गाणाऱ्याचे सूर पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या घरातच सुरू होतील अशी रचना करावी आणि त्याला ‘दुम्’ हे अक्षर द्यावं. वजन त्याच्या सुरातून येतं आणि ‘ब’ त्या सुराला धार देतो.