सुजलेल्या मनगटात अडकलेली बांगडी



थंडी सुरू झाली, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे आई-बाबा किंवा सासू-सासरे आलेले असतील. बर्फावरून घसरणं हा इकडचा नेहमीचा अपघात. पडताना माणूस हात पुढे टेकवतो आणि मनगट मोडतं. या मोडीला डॉक्टर कॉलीज फ्रॅक्चर म्हणतात. आपल्या बायकांच्या बाबतीत त्यात आणखी एक भर पडते, ती म्हणजे हातातल्या बांगड्या. इकडच्या फर्स्ट एडच्या पुस्तकांत अंगठीबद्दल लिहिलेलं असतं, पण तीस-चाळीस वर्षं न काढलेल्या पाटल्यांबद्दल कोण लिहिणार? म्हणून हे पत्र.

आधी नेमकं काय होतं ते बघू. मनगटाला मार लागला की सूज यायला लागते. बांगडी काही ताणली जात नाही, त्यामुळे ती दाबायला लागते. रक्त परत नेणाऱ्या शिरा त्वचेजवळ असतात आणि त्यांच्या भिंती पातळ असतात, म्हणून त्या आधी दबतात. धमनी मात्र रक्त आत ढकलतच राहते. आत येणं चालू आणि बाहेर जाणं बंद, म्हणजे सूज वाढते, की बांगडी आणखी घट्ट, की सूज आणखी. आमच्या भाषेत हा इनफिनिट लूप, आणि तो आपोआप थांबत नाही. त्यामुळे पडल्यानंतरची पहिली काही मिनिटं सगळ्यात मोलाची. सूज दिसत नसली तरी ज्या बांगड्या आणि अंगठ्या सहज निघतात त्या तेव्हाच काढायच्या, अगदी चहा करायच्याही आधी.

दुसरा प्रश्न नसांचा. तळहाताकडच्या बाजूने मधोमध जी नस जाते ती दबली की अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं. करंगळीच्या बाजूची दबली तर करंगळीला मुंग्या येतात. तिसरी नस फारशी कुणाला माहीत नसते. ती अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या हाडावर अगदी त्वचेखाली असते. घट्ट बेड्या घातलेल्या कैद्यांचा अंगठ्यामागचा भाग बधिर होतो तो हिच्यामुळे. घट्ट कडं नेमकं तिथेच रुततं.

म्हणून बांगडीला हात लावण्याआधी तपासणी करायची. नख दाबून सोडा. ते पांढरं पडून साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. (हात गार असेल तर थोडा उशीर लागतो, म्हणून दुसऱ्या हाताशी ताडून पाहा.) प्रत्येक बोटाला स्पर्श करून "कळतंय का?" विचारा. अंगठा आणि तर्जनीचा गोल करता येतो का, बोटं पसरता येतात का ते बघा. बोटं निळी, पांढरी किंवा गार पडली असतील, बधिर असतील, किंवा कुणी हळूच सरळ केली तरी असह्य दुखत असतील, तर घरचे प्रयोग बंद. ९११ (इंग्लंडमध्ये ९९९) फिरवा, नाहीतर सरळ इमर्जन्सीत जा. मनगट वाकडं दिसत असेल तरीही बांगडी ओढायची नाही. मोडलेली हाडं सरकून तीच नस चिरडू शकते.

यातलं काहीच नसेल, नुसती सूज असेल, तर घरी प्रयत्न करायला हरकत नाही. हात छातीच्या वर, उशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. त्या वेळात फ्रीजरमधला बर्फ फडक्यात गुंडाळून सुजेवर धरा. मग कासार करतो तेच उलट करायचं. बांगडी मनगटापेक्षा अडते ती अंगठ्याच्या बुडाशी आणि बोटांच्या मुळाशी, कारण हात तिथे सगळ्यात रुंद असतो. अंगठा तळहातात करंगळीच्या दिशेने दुमडायचा, हात सैल सोडायचा. हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून तिची कड बांगडीखालून मनगटाकडे सरकवायची आणि पिशवीवर साबणाचं पाणी किंवा तेल लावायचं. मग बांगडी थोडी तिरकी धरून आधी अंगठ्याच्या बुडावरून आणि नंतर करंगळीच्या बाजूने हळूहळू पुढे न्यायची. पिशवीमुळे त्वचा ओढली जात नाही. म्हाताऱ्या माणसांची, विशेषतः दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांची त्वचा कागदासारखी झालेली असते. नुसतं साबण लावून ओढलं तर ती सोलून निघते. दहा मिनिटांत जमलं नाही तर थांबायचं, कारण प्रत्येक ओढीने सूज वाढते.

आता एक खरी केस. गेल्या जानेवारीत न्यू जर्सीत माझ्या मित्राच्या आई ड्राइव्हवेवर घसरल्या. डाव्या हातात दोन सोन्याच्या पाटल्या आणि चार काचेच्या बांगड्या. मी पोहोचेपर्यंत पाऊण तास झाला होता. मनगट जेवणाच्या काट्यासारखं वाकलेलं, पाटल्या रुतलेल्या, अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर. काकू म्हणत होत्या, "काचेच्या वाढवा हवं तर, पण पाटल्यांना हात लावू नका, लग्नातल्या आहेत." आम्ही हात वर्तमानपत्राच्या गुंडाळीवर आधार देऊन बांधला, पट्टी घट्ट होणार नाही याची काळजी घेतली, आणि निघालो.

हॉस्पिटलात काचेच्या बांगड्यांवर नर्सने आधी सगळीकडून चिकटपट्टी लावली, खाली गॉझची घडी सरकवली आणि हाताच्या पाठीच्या बाजूला पक्कडीने एकेक चिरडली. एकही कपची उडाली नाही. आपल्याकडे बांगडीवर बांगडी आपटून वाढवतात, तसं सुजलेल्या हातावर कधी करू नका. तळहाताच्या बाजूला धमनी, नस आणि स्नायूंच्या दोऱ्या अगदी वर असतात.

पाटल्यांना अंगठी कापायचं छोटं चाक पुरलं नाही, कारण त्याचा आकडा जाड कडेखाली जात नव्हता. मग हाताने दाबायचा मोठा कटर आणला. खाली धातूची पातळ पट्टी घालून पहिला काप मनगटाच्या पाठीवर दिला. टोकांना टेप लावला, पाटली अर्धी फिरवली आणि दुसरा काप पुन्हा पाठीवरच दिला. एकाच कापाने पाटली फाकवावी लागली असती आणि ती टोकं मनगटात घुसली असती. दोन कापांत ती दोन अर्धुकांसारखी अलगद सुटली. बावीस कॅरटचं सोनं मऊ असतं, पटकन कापलं जातं. स्टीलच्या कड्याला फिरतं चाक लागतं. ते तापतं, म्हणून सतत पाणी सोडावं लागतं. आत लाख भरलेली पाटली असेल तर तसं आधीच सांगा, उष्णतेने लाख वितळते. हाड जागेवर बसवल्यावर काकूंची बोटं हळूहळू पूर्ववत झाली. हे आधी व्हायला हवं होतं म्हणून नव्हे, पण धातू मध्ये असता तर एक्स-रेही नीट निघाला नसता.

सोन्याचं म्हणाल तर कापल्याने ते कुठे जात नाही. तुकडे डबीत घालून काकू पुण्याला घेऊन गेल्या आणि सोनाराने डाग देऊन जोडून दिल्या. आता बारीकशी रेघ दिसते म्हणे.

ज्यांच्या घरी पाहुणे यायचे आहेत त्यांनी विमानात बसण्यापूर्वीच फोनवर एक गोष्ट विचारून घ्या: पाटल्या साबण लावून निघतात का? वयाने सांधे जाडावतात, पाटली तीच राहते. निघत नसतील तर तिकडेच सोनाराकडून वाढवून किंवा उघडणाऱ्या पेचाच्या करून घेता येतात. आमच्या आईने पेच बसवून घेतला. तो दिसत नाही, यावर तिचा अजून विश्वास बसलेला नाही :-)