नाव ठाऊक असणं आणि नाव न सांगणं

उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघर्षात उतरलेल्या माणसांच्या आठवणी नोंदवून ठेवायचं काम अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजने २००१ मध्ये हाती घेतलं. आयआरएचे माजी सदस्य आणि त्यांचे विरोधक मोकळेपणाने बोलले, कारण त्यांना शब्द दिला होता : तुमच्या हयातीत हे ध्वनिमुद्रण कुणाच्या हाती लागणार नाही. मुलाखतींवर नावांऐवजी सांकेतिक अक्षरं घातली. कोणतं अक्षर कुणाचं, याची नोंद मात्र अस्तित्वात होती.

बेलफास्टमध्ये १९७२ साली जीन मॅकॉन्विल या दहा मुलांच्या आईचं अपहरण करून खून झाला होता. त्याच्या तपासासाठी उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी २०११ मध्ये अमेरिकी सरकारमार्फत या टेप मागितल्या. कॉलेज न्यायालयात लढलं. न्यायालयाने मागणीची व्याप्ती कमी केली, पण काही मुलाखती द्याव्या लागल्याच. त्यांतल्या एका मुलाखतीच्या आधारे एका वृद्ध माणसावर खटला चालला. टेपमधलं कथन विश्वासार्ह नाही, असं ठरून २०१९ मध्ये तो निर्दोष सुटला.

संशोधकांनी बेइमानी केली नव्हती. प्रकल्पाच्या संचालकाशी कॉलेजने केलेल्या करारात ‘अमेरिकी कायदा परवानगी देईल तेवढीच’ गोपनीयता, असं म्हटलं होतं. मुलाखत देणाऱ्यांनी ज्या कागदावर सही केली, त्यात ही अट नव्हती. ज्याचा जीव आणि स्वातंत्र्य पणाला लागलं होतं, नेमक्या त्यालाच ती मर्यादा सांगितली गेली नाही. ही चूक मला अक्षम्य वाटते.

या टेप गोपनीय होत्या, निनावी नव्हत्या. उत्तर कुणाचं हे संशोधकाला माहीत असतं आणि तो ते बाहेर जाऊ देत नाही, ती गोपनीयता. उत्तर कुणाचं हे खुद्द संशोधकालाही शोधता येत नाही, तो निनावीपणा. निनावी उत्तर न्यायालयाने मागितलं तरी त्यातून माणूस हाती लागत नाही. गोपनीय उत्तर मागितलं, तर माणूसही सापडू शकतो.

म्हणूनच समोरासमोर बसून घेतलेली मुलाखत निनावी असूच शकत नाही. चेहरा पाहिलेला असतो, आवाज नोंदलेला असतो. बिननावाची प्रश्नावली बंद पेटीत टाकली तर निनावीपणा बराचसा साधतो. तोही पूर्ण नाही. समजा, एका तालुक्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांना प्रश्नावली दिली आणि तीत खातं, लिंग, वय व नोकरीची वर्षं विचारली. त्या तालुक्यात पशुवैद्यक महिला एकच असेल, तर तिने वरिष्ठांबद्दल लिहिलेली तक्रार नावानिशी लिहिल्यासारखीच झाली. इथे उपाय प्रश्नावली छापण्याआधीच करावा लागतो : नेमकं वय न विचारता वयोगट विचारायचा, खात्याची खरंच गरज नसेल तर तो रकाना काढायचा आणि अहवालात एकदोघांचेच गट वेगळे दाखवायचे नाहीत. निनावीपणाची किंमतही उत्तर देणाऱ्याला आधी सांगावी. उद्या त्याला आपलं उत्तर मागे घ्यावंसं वाटलं, तर ते ढिगातून ओळखून काढता येणार नाही.

संमतीपत्राचंही असंच आहे. नाजूक विषयावरच्या संशोधनात कधीकधी सही केलेला तो कागदच त्या माणसाचा सहभाग सिद्ध करणारा एकमेव पुरावा ठरतो. अशा वेळी तोंडी संमती जास्त सुरक्षित असते.

मग मुलाखत घेणाऱ्याने प्रामाणिकपणे काय सांगावं? माझ्या मते साधारण असं : “तुमचं नाव मला माहीत राहील, पण अहवालात येणार नाही. नावांची यादी मी उत्तरांपासून वेगळी, कुलपात ठेवीन आणि काम संपल्यावर नष्ट करीन. ध्वनिमुद्रण मी आणि माझे मार्गदर्शक ऐकतील, लिहून काढल्यावर पुसून टाकू. नाव बदललं तरी तुमच्या जवळची माणसं तुमच्या बोलण्यावरून तुम्हाला ओळखू शकतील. न्यायालयाने कागद मागितले, तर नाही म्हणणं माझ्या हातात नसेल. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर मला ते पोलिसांना कळवावंच लागेल.” शेवटचं वाक्य आपल्याकडे ऐच्छिक नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ही माहिती कळवणं बंधनकारक आहे आणि त्यातून संशोधकांना सूट नाही. वकिलाला अशिलाच्या बोलण्याबाबत कायद्याचं जे संरक्षण मिळतं, तेही भारतात संशोधकाला नाही.

हे ऐकून काहीजण बोलायचे थांबतील. त्यांना थांबू द्यावं. तो त्यांचा हक्क आहे.

आणि तुमच्या दारात कुणी वही किंवा टॅब घेऊन आलं आणि “सगळं गुप्त राहील” म्हणालं, तर उत्तर देण्याआधी विचारा : माझं नाव कुठे लिहिलं जाणार, ते कोण पाहणार, आणि कधी खोडणार?