चकली विकणाऱ्या चार ओळी

दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी सोसायट्यांचे व्हॉट्सअप ग्रुप आणि इन्स्टाग्राम घरगुती फराळाच्या पोस्टींनी भरून जातात. फोटो छान असतो, ताटाखाली पैठणीचा पदर असतो, आणि खाली मजकूर असा: ‘आईच्या हातची चव, आता तुमच्या घरी! शुद्ध, पारंपरिक, दर्जेदार फराळ. आजच ऑर्डर करा!’ त्यावर पन्नास जण अंगठा दाखवतात, मावशी ‘वा, खूप छान’ लिहितात, आणि पाकिटं जातात तीन. त्यातलं एक मावशींनीच घेतलेलं असतं.

असं का होतं, ते एकाच पदार्थावर पाहू. समजा, डोंबिवलीतली एक गृहिणी भाजणीची चकली घेऊन पहिल्यांदाच बाजारात उतरते आहे. नवं नाव, नवं पाकीट. तिला ओळखणारे लोक चव विचारणार नाहीत, त्यांना ती माहीत आहे. प्रश्न अनोळखी गिऱ्हाइकाचा आहे, आणि त्याच्या मनात चकलीबद्दल ओढीइतकीच भीतीही असते. विकतची चकली कधी दाताखाली दगडासारखी लागते, कधी हाताला तेल सोडते, कधी डबा उघडताच खवट वास येतो. ‘चविष्ट’ या शब्दाने यातली एकही भीती जात नाही, कारण खवट चकली विकणारासुद्धा तोच शब्द लिहितो.

चवीचं वर्णन म्हणजे या भीतीला दिलेलं उत्तर असलं पाहिजे. मोहन नेमकं पडलं, पीठ नीट मळलं आणि तळताना आच सांभाळली की चकली मोडल्यावर आत पोकळ नळी दिसते. मोहन कमी झालं तर ती कडक होते. जास्त झालं तर कढईतच विरघळायला लागते आणि उरलेली तेलकट लागते. घरी फराळ करणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. ती दुसऱ्याच्या घरची चकली मोडून आधी आत बघते. म्हणून ‘मोडली की आतली नळी दिसते’ हे सात-आठ विशेषणांपेक्षा जास्त बोलतं. ते डोळ्यांसमोर येतं आणि पाकीट घरी आल्यावर पडताळूनही पाहता येतं. फोटोही तसाच हवा: एक चकली मोडलेली, काटे स्पष्ट, नळी दिसेल अशी. पदर नसला तरी चालेल.

‘शुद्ध’ आणि ‘पारंपरिक’ यांबाबत आणखी एक अडचण आहे. खाद्यपदार्थांच्या जाहिरातींसाठी एफएसएसएआयचे २०१८चे नियम आहेत, आणि असे शब्द कधी वापरता येतील याच्या अटी त्यांत दिल्या आहेत. घरून विकणाऱ्यालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा असतो. चार घटकांची नावं लिहिली तर विशेषणाची गरजच उरत नाही.

आता जागेचा प्रश्न. इन्स्टाग्रामवर पोस्टखाली मजकुराच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. पुढचं वाचायला बोट लावावं लागतं, आणि बहुतेकांचं बोट तोवर पुढे सरकलेलं असतं. म्हणून ‘नमस्कार मंडळी, आज तुम्हाला सांगायला खूप आनंद होतोय’ ही सुरुवात महागात पडते. पहिल्या ओळीतच चव, दर आणि मुदत या तिन्ही गोष्टी बसवायच्या. आमच्या चकलीवालीचा मजकूर असा होऊ शकेल:

‘मोडली की आतली नळी दिसते, बोटाला तेल लागत नाही. भाजणीची चकली, अर्धा किलो ₹२८०. ऑर्डर मंगळवार रात्री ८ पर्यंत.

तांदूळ, हरभरा डाळ, उडीद आणि मूग वेगवेगळे भाजून धणे-जिऱ्यासह दळलेली भाजणी. वर तीळ आणि ओवा. शेंगदाणा तेलात तळलेली. तिखट बेताचं, लहान मुलं खातील एवढंच. हवाबंद डब्यात १५ दिवस टिकते.

पहिल्या खेपेत ३० पाकिटं. व्हॉट्सअपवर “चकली”, पाकिटांची संख्या आणि सोसायटीचं नाव एवढं पाठवा. लिंक प्रोफाइलवर आहे. शुक्रवारी संध्याकाळी ५ ते ८, डोंबिवली पूर्वेत घरपोच.’

यातला ३० हा आकडा घाई करायला लावण्यासाठी टाकलेला नाही. बुधवार-गुरुवार दोन दिवस, मदतीला एक बाई आणि घरातली एक शेगडी धरली, तर १५ किलोच्या वर तळण होणार नाही असा तिचा हिशेब आहे. मंगळवारची मुदतही त्यातूनच आली. ‘स्टॉक मर्यादित’ असं मोघम लिहिलं की लोक ते वाचत नाहीत. खरा आकडा वाचतात. ‘१५ दिवस’ मात्र लिहिण्याआधी तपासलेले हवेत. एक पाकीट बंद करून ठेवायचं, त्यातली चकली अधूनमधून खाऊन बघायची, आणि पहिल्यांदा वास बदलेल त्याच्या बऱ्याच आधीची तारीख द्यायची.

ऑर्डरची वाट एकच ठेवली आहे, हेही मुद्दाम. ‘कॉल करा, मेसेज करा किंवा कमेंटमध्ये सांगा’ असं लिहिलं की ऑर्डरी तीन ठिकाणी येतात, वहीत दोन ठिकाणच्याच चढतात, आणि शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी दारात उभं राहून ‘मी कमेंट केली होती’ म्हणतं. इन्स्टाग्रामच्या मजकुरात टाकलेली लिंक दाबली तरी उघडत नाही, म्हणून ती प्रोफाइलवर द्यावी लागते. ग्रुपवर पाठवताना मात्र ती मजकुरातच चालते. तिचा साचा असा:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=CHAKLI
```

९१ नंतर दहा आकडी नंबर, मध्ये जागा नाही, आधी अधिकचं चिन्ह किंवा शून्य नाही. दाबलं की तुमच्याच नंबरची खिडकी उघडते आणि त्यात शब्द आधीच लिहिलेला असतो. गिऱ्हाइकाने फक्त संख्या आणि सोसायटी घालायची. उत्तरात एकूण रक्कम आणि निम्मे पैसे आगाऊ भरायची सोय पाठवली, की ते आल्यावरच पाकीट पक्कं धरायचं.

दर लपवून ‘किमतीसाठी मेसेज करा’ लिहायची जी पद्धत पडली आहे, ती मला समजत नाही. २८० रुपये ज्याला जास्त वाटतात त्याला ते नंतरही जास्तच वाटणार आहेत. दरम्यान ज्याला परवडतात तो विचारायच्या कंटाळ्याने पुढे जातो.

पोस्ट टाकल्यावर पहिल्या संध्याकाळचे प्रश्न लक्ष देऊन वाचावेत. ‘किती रुपये?’, ‘कल्याणला देता का?’ असे प्रश्न येत असतील तर ऑर्डरचा भाग अर्धवट राहिला आहे किंवा फार खाली गेला आहे. ‘फार तिखट आहे का?’, ‘कुठलं तेल?’ असं येत असेल तर चवीच्या भागात भीती शिल्लक आहे. कौतुक भरपूर आणि ऑर्डर नाही, तर बहुधा लोकांना काय करायचं तेच कळलेलं नाही. आणि ऑर्डरी फक्त ओळखीच्यांच्याच येत असतील, तर मजकूर नुसतं दरपत्रक झाला आहे. अनोळखी माणसाला त्यात चव सापडली नाही.

तीस पाकिटं संपली की इन्स्टाग्रामवर मजकूर दुरुस्त करून पहिलीच ओळ बदलावी: ‘या खेपेची पाकिटं संपली. पुढचं तळण सोमवारी, नावं आत्तापासून घेतो.’ व्हॉट्सअपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांनंतर बदलता येत नाही, त्यामुळे ग्रुपवर ही ओळ नव्याने टाकावी लागते, नाहीतर जुना मेसेज पुढे-पुढे जात राहतो आणि बुधवारी रात्री, कढई तापलेली असताना, ३१वी ऑर्डर येते.