लावलेल्या टेबल लॅम्पचा फोटो बिघडतो का?

संध्याकाळची खोली आणि कोपऱ्यात उजळलेला टेबल लॅम्प. डोळ्यांना हे दृश्य छान दिसतं, पण विक्रीच्या पोस्टसाठी फोटो काढला की शेडच्या जागी नुसता पांढरा डाग येतो. शेड दिसेल इतका फोटो गडद करावा, तर लॅम्पचा पाय अंधारात जातो आणि खोलीही काळी पडते.

एरवी वस्तूवर प्रकाश टाकून फोटो काढतात. इथे वस्तूच प्रकाश देते आणि तिच्या मानाने खोली फारच अंधारी असते. डोळे एवढा फरक सांभाळून घेतात, कॅमेऱ्याला ते जमत नाही. त्यामुळे फरक आधी खोलीतच कमी करायला हवा.

सर्वात सोपा उपाय म्हणजे बल्ब बदलणे. समजा, कापडी शेडच्या लॅम्पमध्ये ९ वॅटचा एलईडी आहे. त्याजागी अर्ध्या वॅटचा, पिवळसर उजेडाचा झिरोचा बल्ब लावा (होल्डर पिनचा आहे की आट्यांचा, हे आधी पाहा). उजेड साधारण १६ ते १८ पटींनी उतरतो. फोटोग्राफरच्या भाषेत हे जवळपास चार स्टॉप, कारण प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो. खोलीत लॅम्प मंद वाटेल, फोटोत मात्र तो छान उजळलेला दिसेल.

आता खोलीचा उजेड. ट्यूबलाइट बंद करा आणि खिडकीचा पडदा उघडा. फोन स्टँडवर ठेवून सूर्यास्तापासून दर दोन मिनिटांनी एक फोटो घ्या. सुरुवातीला लॅम्प लावलाय की नाही हेच कळणार नाही, शेवटी खोली काळी होईल. मधल्या काही मिनिटांत दोन्ही उजेड जुळतात. ती वेळ घड्याळावरून सांगता येत नाही. ती खिडकीवर आणि ढगांवर ठरते.

दरवेळी बोट शेडवर दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. फोटो मोठा करून पाहा: कापडाची वीण आणि शिवण दिसली, तर एक्स्पोजर बरोबर.

रंगही फसवतो. बल्ब पिवळा, खिडकीचा उजेड निळसर. ऑटो व्हाइट बॅलन्स कधी बल्ब पांढराफटक करतो, तर कधी सगळंच केशरी. प्रो मोड असेल, तर ४००० केल्विनच्या आसपास ठेवून पाहा.

फोटोत आडवे काळे पट्टे आले, तर तो बल्बच्या लुकलुकण्याचा परिणाम. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने असे बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे बहुतेक वेळा जातात.

बल्ब पक्का बसवलेला असेल आणि बदलता येत नसेल, तर फोन न हलवता दोन फोटो काढा, एक शेडसाठी आणि एक खोलीसाठी. मग एडिटिंग ॲपमध्ये दुसऱ्या फोटोवर पहिल्यातली फक्त शेड बसवा.