तिजोरी फुगली की खेळ संपतो

शहर वसवण्याच्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडू सुरुवातीला एकेका नाण्याचा हिशेब करतो. काही तासांनी मात्र तो तिजोरीकडे बघणंच सोडून देतो, कारण काहीही बांधलं तरी पैसे उरतातच. किंवा उलट घडतं: तिजोरी रिकामी, कोठार रिकामं आणि ते भरायचा एकही मार्ग नाही. गेम बनवणाऱ्याला ही दोन्ही टोकं टाळायची असतात. त्यासाठी त्याने एकाच आकड्यावर नजर ठेवली तरी बरंच साधतं: पुढची इमारत बांधायला खेळाडूला किती थांबावं लागतं?

एक छोटं गाव घेऊ. घर बांधायला १०० नाणी लागतात आणि प्रत्येक घर महिन्याला १० नाणी घरपट्टी देतं. सुरुवातीला १० घरं असतील, तर महिन्याला १०० नाणी येतात, म्हणजे पुढच्या घरासाठी महिनाभर थांबायचं. पण मिळकत लगेच नव्या घरात घातली, तर गाव दरमहा १० टक्क्यांनी वाढतं आणि दोन वर्षांत घरं शंभरीला टेकतात. आता तीन दिवसांत एका घराचे पैसे जमतात. नाण्याला किंमत उरली नाही. महागाई म्हणतात ती हीच.

यावर पटकन सुचणारा उपाय म्हणजे पुढच्या इमारती महाग करणं: शाळा हजाराची, इस्पितळ दहा हजारांचं. त्याने पाटीवरची शून्यं तेवढी वाढतात. वाढीचा वेग तोच असल्याने काही वर्षांत दहा हजारही किरकोळ वाटू लागतात.

खरा इलाज खर्चाच्या बाजूला आहे, आणि तो खर्च शहरापेक्षा वेगाने वाढायला हवा. गाव पसरलं की पाण्याची नळवाहिनी लांबते, कचरागाडीची फेरी लांबते. समजा, देखभालीचा खर्च घरांच्या संख्येच्या वर्गाचा दहावा भाग धरला. मग १० घरांना महिन्याला १० नाणी जातात आणि ९० उरतात. ५० घरांवर ५०० मिळकत, २५० खर्च, शिल्लक २५०. ९० घरांवर मात्र शिल्लक पुन्हा ९० वर येते आणि १०० घरांवर शून्य. पुढच्या घराची वाट बघणं आधी ३३ दिवसांचं, मग १२ दिवसांचं, मग परत ३३ दिवसांचं. खेळाडूला कळतं की नुसती घरं वाढवून चालणार नाही. दुसरा प्रभाग पाडून तिथे वेगळी टाकी, वेगळा कचरा डेपो उभारावा लागेल. इथे त्याला डोकं चालवावं लागतं.

पण याच सूत्रात कोंडीही लपलेली आहे. घरं ११० झाली तर ११०० मिळकतीवर १२१० खर्च येतो. घरं पाडता आली नाहीत किंवा सेवा बंद करता आल्या नाहीत, तर खेळाडू दर महिन्याला ११० नाण्यांनी बुडत जाईल. म्हणून माघारीची वाट हवी. ती फुकट मात्र नको. फिनलंडच्या कलोसल ऑर्डर कंपनीच्या ‘सिटीज: स्कायलाइन्स २’मध्ये (२०२३) सरकारी अनुदान शहराची तूट भरून काढायचं. त्यामुळे चुकीच्या नियोजनाची झळच बसत नव्हती. जून २०२४च्या सुधारणेत ते अनुदान काढलं गेलं, देखभाल महागली आणि बाहेरून मागवलेल्या सेवांना शुल्क लागलं.

वस्तूंची कोंडी अधिक कपटी असते. ‘बॅनिश्ड’ (२०१४) या गेममध्ये पैसा नाहीच. लोहार लोखंड आणि लाकडापासून अवजारं घडवतो. पण लाकूड तोडायला आणि लोखंड गोळा करायलाही अवजारं लागतात. ती संपली की काम थांबत नाही, मंदावतं. लोखंड उशिरा येतं, अवजारं आणखी उशिरा होतात, शेतीही मंदावते आणि हिवाळ्यात उपासमार सुरू होते. खूण आधीच दिसते, पण कोठारात चाळीस अवजारं पाहून खेळाडू निर्धास्त असतो. पाटीवर ‘४०’ऐवजी ‘आणखी दोन महिने पुरतील’ असं लिहिलं, तर तो वेळेत लोहार वाढवेल.

अशी साखळी तपासायला कागद पुरतो. प्रत्येक वस्तूपासून ती बनवायला लागणाऱ्या वस्तूंकडे बाण काढायचा. बाण फिरून त्याच वस्तूवर आला, तर ती वस्तू तिच्याशिवाय मिळवायचा निदान एक मार्ग द्यायचा, मग तो कितीही संथ असो. ‘बॅनिश्ड’मध्ये नदीतून येणाऱ्या व्यापाऱ्याशी अदलाबदल करून अवजारं घेता येतात, अर्थात बंदर आधीच बांधलेलं असेल आणि द्यायला काही शिल्लक असेल तरच.

त्यानंतर प्रत्येक वस्तू आळीपाळीने शून्यावर आणून गेम चालवून बघायचा आणि वाट बघण्याचे दिवस मोजायचे. ते घटत घटत शून्याकडे निघाले, तर खर्चाच्या सूत्राला हात घालायचा. वाढतच राहिले आणि खेळाडूने काहीही केलं तरी कमी होईनात, तर माघारीची वाट कुठेतरी बुजली आहे, ती शोधायची.